उरणच्या खाडीमातीवर गोदामाची फरशी : प्रीलोड, ड्रेन की स्टोन कॉलम?

९ ऑक्टोबर

जागा उरण तालुक्यातली, न्हावाशेव्याच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यालगतची. पूर्वीचं मिठागर. गोदाम १२० मीटर लांब, ६० मीटर रुंद. मालकांचं म्हणणं एका वाक्यातलं : "फरशीवर चौरस मीटरला ५ टन माल बसला पाहिजे, आणि फरशी खचता कामा नये." इमारतीचे खांब पाइलवर, थेट खडकात जाणार आहेत, त्यामुळे त्यांचा प्रश्न नाही. प्रश्न फरशीचा आहे. ७,२०० चौरस मीटरच्या फरशीखाली पाइल घालायचे आणि त्यांवर आरसीसीचा जाड स्लॅब टाकायचा, तर खर्च गोदामाच्या बजेटबाहेर जातो. म्हणून माती सुधारायची आणि फरशी जमिनीवरच टाकायची, असं ठरलं आहे. माती कशी सुधारायची याचा प्रस्ताव आम्ही द्यायचा आहे. पर्याय तीन : प्रीलोड, म्हणजे आधीच भराव चढवून जमीन बसू देणं; उभे ड्रेन, म्हणजे मातीतलं पाणी लवकर बाहेर काढणाऱ्या उभ्या पट्ट्या; आणि स्टोन कॉलम, म्हणजे मातीत ठोकून भरलेले खडीचे खांब.

पहिल्याच दिवशी दोन गोष्टी विचारून घेतल्या. माल कसा ठेवणार? थप्प्या लावून, उंच रॅक नाहीत. हे बरं झालं. अरुंद वाटांतून उंच रॅकपर्यंत जाणारी फोर्कलिफ्ट असेल, तर फरशी काही मिलिमीटर कलली तरी वरचं टोक हलतं. थप्पीच्या गोदामात फरशी सगळीकडे सारखी थोडी बसली तर चालून जातं. दुसरा प्रश्न फरशीच्या पातळीचा. जमीन आत्ता +२.० मीटरवर आहे आणि पावसात पाणी भरतं, म्हणून फरशी +३.५ वर हवी. म्हणजे दीड मीटर भराव. पुढचा सगळा हिशेब या भरावाने फिरवला, म्हणून तो इथे ठळक नोंदवून ठेवतो.

२४ ऑक्टोबर

बोअर पूर्ण झाले. वर एक मीटर वाळून कडक झालेला थर, त्याखाली जवळपास ८ मीटर काळपट राखाडी खाडीची माती, मग थोडी घट्ट पिवळी माती आणि खाली झिजलेला बेसॉल्ट. पाणी एक मीटरवर. मऊ थरात एसपीटीचा, म्हणजे रॉड खाली जायला लागणाऱ्या हातोड्याच्या ठोक्यांचा, आकडा शून्य किंवा एक येतो. हातोडा नुसता ठेवला तरी रॉड आपोआप खाली जातो. असल्या मातीत एसपीटीवरून ताकद काढण्यात अर्थ नाही. तरी बोअरवाले दर दीड मीटरला तेच करत राहतात, कारण दरपत्रकात तेच असतं.

म्हणून मातीत पाती फिरवून ताकद मोजणारी, जागेवरची व्हेन चाचणी स्वतंत्र करून घेतली. तिचा सरासरी आकडा चौरस मीटरला १.२ टन, म्हणजे सुमारे १२ किलोपास्कल. सगळ्यात नरम पट्टा तीन ते पाच मीटर खोलीवर आहे. तिथे हाच आकडा १ टनाच्या आसपास येतो.

१४ नोव्हेंबर

प्रयोगशाळेचे निकाल आले. त्यातले निम्मे बाजूला ठेवावे लागले. त्रिअक्षीय चाचणीत ताकद ०.७ टन दाखवते, व्हेनमध्ये १.२. एवढा फरक मातीतला नाही, नमुन्यातला आहे. पातळ भिंतीच्या नळ्या टेम्पोत आडव्या टाकून, खड्ड्यांतून नेल्या होत्या. नमुना हलला आहे की नाही हे कॉन्सॉलिडेशनच्या, म्हणजे वाढत्या दाबाखाली माती किती दबते याच्या, आलेखावरून ओळखता येतं. चांगल्या नमुन्याची रेघ आधी जवळजवळ सपाट जाते आणि एका दाबानंतर वळून खाली घसरते. बिघडलेल्या नमुन्यात ते वळण दिसतच नाही, रेघ सुरुवातीपासून गोलाकार उतरते. सहापैकी दोनच आलेखांत वळण स्पष्ट दिसलं. हिशेब त्या दोनांवरच बेतला, आणि दोन बोअर पुन्हा मारून नळ्या उभ्या, मेण लावून, पेंढ्यात बसवून आणायला सांगितल्या. यात तीन आठवडे गेले. नव्या नमुन्यांची ताकद व्हेनच्या जवळपास आली.

कामाचे आकडे असे : मातीत कोरड्या वजनाच्या ८० टक्के पाणी, दबण्याचा गुणांक Cc/(1+e₀) सुमारे ०.२८, आणि उभ्या दिशेने पाणी निघण्याचा वेग cᵥ वर्षाला १ चौरस मीटर. आडव्या दिशेचा वेग तात्पुरता दीडपट धरला आहे. तो खरा किती, हे जागेवर छोटा चाचणी-पट्टा करून त्यावरच कळेल.

२१ नोव्हेंबर

आज भार मोजायला बसलो.

मालकांच्या डोक्यात ५ टन आहेत. पण थप्प्यांमध्ये फोर्कलिफ्टच्या वाटा असतात, दाराशी मोकळी जागा असते, आणि ८ मीटर खोल मातीला थप्प्या आणि वाटा यांची सरासरीच कळते. सगळा विस्तार धरला तर कायमचा माल चौरस मीटरला साडेतीन टन धरणं पुरेसं आहे. फरशीच्या स्लॅबसाठी मात्र ५ टनच धरायचे, ते वेगळं.

दीड मीटर मुरमाचा भराव म्हणजे २.७ टन. फरशीचा अर्धा टन. माल साडेतीन. एकूण ६.७ टन. मऊ थराच्या मध्यावर मातीचा आधीचा परिणामी दाब, म्हणजे पाण्याचा दाब वजा जाता उरणारा, ३.७ टन आहे. जमीन किती बसेल, म्हणजे बैठक, ती काढली :

```
S = 8 × 0.28 × log10((3.7 + 6.7) / 3.7) ≈ 1.0 m
```

म्हणजे जमीन एक मीटर बसणार. मग फरशी +३.५ वर कशी राहील? ती +२.५ वर येईल. जितकी जमीन खाली जाईल तितका मुरूम वरून घालत राहावा लागणार, आणि त्या जादा मुरमाच्या वजनाने ती आणखी थोडी बसणार. उलट बाजूने, वरचा कोरडा थर पाण्याखाली जातो तेव्हा त्याचं वजन हलकं होतं. दोन्ही धरून आकडे पुन्हा फिरवले, तर बैठक १.०८ मीटरवर स्थिरावते आणि भराव दीडचा २.६ मीटर होतो. नुसत्या इमारतीच्या आकारात मोजला तरी मुरूम १०,८०० घनमीटरवरून जवळपास १८,७०० वर गेला.

मालकांना फोन केला तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "साहेब, हा खर्च तुमच्या ड्रेनमुळे वाढला का?" नाही. ड्रेन लावा, स्टोन कॉलम लावा, किंवा काहीच करू नका, जमीन बसेल तितका मुरूम लागणारच. बहुतेक निविदांत भराव अंतिम पातळीपर्यंतच मोजतात आणि बसलेला भाग नंतर 'जादा काम' म्हणून येतो. आम्ही तो आधीच वेगळी बाब म्हणून लिहिला.

२६ नोव्हेंबर : नुसता प्रीलोड

याला जास्त वेळ दिला नाही. पाणी वर-खाली दोन्हीकडे निघतं असं धरलं तरी ९० टक्के बैठकीला साडेतेरा वर्षं लागतात. खालचा पिवळा थर पाणी सोडत नसेल तर त्याच्या चौपट. जादा भार चढवून वेळ कमी होतो, पण इतका नाही. शिवाय १.२ टन ताकदीच्या मातीवर सुरक्षित राहून एका दमात अडीच-पावणेतीन मीटरच भराव चढवता येतो. त्यापुढे गेलं तर कडेची माती बाहेर सरकते. नुसत्या प्रीलोडला पातळ थर लागतो, दोन-तीन मीटरचा, किंवा मधे वाळूचे पदर असलेला. इथे दोन्ही नाही.

४ डिसेंबर : स्टोन कॉलम

मालकांच्या ओळखीच्या एका ठेकेदाराने प्रस्ताव पाठवला : ९०० मिलिमीटर व्यासाचे कॉलम, २ मीटर अंतरावर त्रिकोणी मांडणीत, सगळ्या फरशीखाली. सोबत दुसऱ्या कामाचा चाचणी अहवाल, एका कॉलमवर पूर्ण भार आणि बैठक फक्त ११ मिलिमीटर. मालक खूश. "११ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही ना?"

हा अहवाल खोटा नाही. आयएस १५२८४ या भारतीय मानकाच्या पहिल्या भागात एका कॉलमसाठी १० ते १२ मिलिमीटर चालतं असंच आहे. पण ती चाचणी एक-दोन दिवसांत संपते. भार एका छोट्या प्लेटवर असतो, तो वरच्या काही मीटरमध्येच विरतो, आणि तेवढ्या वेळात चिकणमातीतून पाणी बाहेर पडायला सवडच मिळत नाही. कॉलम नीट ठोकला गेला आहे की नाही, हे ती चाचणी सांगते. १२० बाय ६० मीटरचा भराव आणि माल वर्षभर बसल्यावर काय होईल, हे ती सांगूच शकत नाही.

ते काढायचं तर साधा हिशेब पुरतो. २ मीटर अंतरावर कॉलम क्षेत्रफळाचे १८ टक्के व्यापतात. कॉलमवर आजूबाजूच्या मातीच्या साडेतीनपट दाब येतो असं धरलं, तर बैठक मूळच्या सुमारे ६८ टक्के उरते :

```
1 / (1 + (3.5 − 1) × 0.184) ≈ 0.68
1.08 m × 0.68 ≈ 0.74 m
```

म्हणजे पाऊण मीटर. अंतर दीड मीटरवर आणलं तरी साठ सेंटिमीटरच्या आसपास. खडी ताठ असते, पण तिला बाजूने धरून ठेवणारी माती मऊ असेल तर भार आल्यावर कॉलम वरच्या भागात फुगतो. मातीची ताकद चौरस मीटरला पाऊण टनाखाली गेली, तर कॉलम उभाच राहात नाही असं धरून चालावं. आपली माती त्याच्या वर आहे, पण फार नाही.

कॉलमचा एक मोठा गुण मात्र मान्य करायला हवा. तो स्वतःच एक जाड निचरा आहे. ही पाऊण मीटर बैठक चार महिन्यांच्या आत पुरी होते. म्हणजे कॉलम घालून, भराव आणि मालाएवढा जादा भार चढवून चार महिने थांबलं, तर फरशी टाकता येते. घाई असणाऱ्यासाठी हा खरा पर्याय आहे. पण थांबायचं आणि भार चढवायचा हे त्यातही चुकत नाही. "कॉलम झाले की लगेच फरशी" असं कुणी म्हणालं तर त्याला भरावाच्या वजनाबद्दल विचारा.

मग किंमत आणि वेळ. कडेला थोडं जादा धरून २,४०० कॉलम, प्रत्येकी ९ मीटर. आलेल्या दराने, मीटरला २,२०० रुपये, पावणेपाच कोटी. एक मशीन दिवसाला १२ ते १५ कॉलम करतं. दोन मशीन लावली तरी तीन महिने. पाण्याच्या झोताने खाली जाणारं व्हायब्रेटर वापरलं तर रोज गाळ निघतो. तो साठवायला हौद लागतो आणि खाडीत सोडता येत नाही, शेजारीच तिवरं आहेत. कोरड्या पद्धतीचं मशीन मिळतं, पण त्याचा दर वेगळा.

१२ डिसेंबर : उभे ड्रेन

प्लास्टिकचा पट्टीसारखा ड्रेन, १०० बाय ४ मिलिमीटर, बाहेरून गाळणीचं कापड. १ मीटर अंतरावर त्रिकोणी मांडणी. पाण्याला आता चार मीटर वर जाण्याऐवजी अर्धा मीटर आडवं जायचं आहे.

ड्रेनच्या ठेकेदाराने ९० टक्के बैठकीला पाच महिने काढले होते. सूत्र बरोबर, पण मँड्रेल, म्हणजे ड्रेन खाली नेणारी पोकळ नळी, मातीत घुसताना आजूबाजूची माती मळते आणि तिथून पाणी हळू जातं, ते धरलं नव्हतं. मँड्रेलच्या आकारावरून मळलेला भाग आणि त्याची पाणी जाऊ देण्याची क्षमता निम्मी धरली, तर पाचाचे जवळपास आठ महिने होतात. अंतर कमी करून हे भरून निघेल असं वाटतं, पण मीटरच्या खाली गेलं की मळलेले भाग एकमेकांना टेकू लागतात. ड्रेन वाढतात, वेळ फारसा घटत नाही. म्हणून १ मीटरच.

ड्रेनची संख्या सुमारे ९,६००, लांबी ९६ हजार मीटर. मीटरला ९० रुपयांनी ८६ लाख. एक मशीन दिवसाला चार-पाच हजार मीटर घालतं, म्हणजे महिन्याभराच्या आत काम.

ड्रेन स्वतः बैठक कमी करत नाही, फक्त लवकर आणतो. १.०८ मीटर बसवायचंच आहे, आणि तेवढं बसवण्यासाठी मालाचा भार आत्ताच मुरमाने द्यायचा आहे. टप्प्याटप्प्याने ५.४ मीटरपर्यंत भराव चढवायचा असं ठरवलं. त्या भाराखाली अंतिम बैठक १.१६ मीटर येईल. पण त्यातले १.०८ मीटर घडेपर्यंत थांबायचं तर सगळा भार एकदम चढला असं धरूनही नऊ महिने लागतात. फरशी टाकल्यावर ८० मिलिमीटर उरलेली बैठक चालणार असेल तर साडेसहा-सात महिने. थप्पीच्या गोदामात सगळीकडे सारखी ८० मिलिमीटर, तीही वर्षानुवर्षं हळूहळू, ही मालकांनी मान्य केली. लेखी घेतली आहे. खांबांभोवती मात्र फरशी सांध्याने सुटी ठेवायची, कारण खांब खडकावर आहेत आणि ते बसणार नाहीत.

अंतिम भार ओलांडून चढवलेला हा थोडा जादा मुरूम आणखी एका कारणाने हवा. पाणी निघून गेल्यावरही ही माती सरकत, दबत राहते. जादा भार न देता सोडली तर पुढच्या नऊ-दहा वर्षांत या थरात आणखी १०० मिलिमीटरच्या आसपास सहज जातील. एकदा जास्त दाब सोसून मग हलकी झालेली माती हे फार कमी करते.

२० डिसेंबर : चाचणी-पट्टा

२४ बाय २४ मीटरचा पट्टा आखला. आधी निचऱ्याचा अर्धा मीटर थर. मुरूमवाल्याने "हाच धुतलेला आहे" म्हणून पिवळा मुरूम आणून टाकला. मूठभर घेऊन बादलीत टाकला तर पाणी गढूळ झालं. ड्रेन ज्या थरात पाणी सोडणार तोच थर पाणी अडवणारा असेल तर खाली कितीही ड्रेन घाला, उपयोग नाही. तो थर उचलून क्रशरची बारीक ग्रिट टाकली. ग्रिट महाग पडते, घनमीटरला १,४०० रुपये, पण वाळू हल्ली या भागात रीतसर मिळणं कठीण आहे.

ड्रेन घालताना वरच्या थरात मँड्रेल अडकू लागला. मिठागराच्या जुन्या बांधाचे दगड आणि कुणीतरी टाकलेला इमारतीचा राडारोडा. अशा ठिकाणी ऑगरने आधी भोक पाडून घ्यावं लागलं. दुसरी अडचण जास्त फसवी होती. मँड्रेल वर ओढताना काही ठिकाणी ड्रेनही सोबत वर आला. खालच्या अँकर प्लेटला नरम मातीत पकड मिळत नव्हती. वरून पाहिलं तर ड्रेन दिसतो, सगळं ठीक वाटतं. वापरलेली लांबी रिळावरून मोजून खोलीशी ताडली तेव्हा कळलं. मोठी प्लेट वापरल्यावर थांबलं. वर आलेला प्रत्येक ड्रेन शेजारी पुन्हा घातला.

४ जानेवारी

पट्ट्यावर २.६ मीटर मुरूम चढवून झाला. बैठक मोजायला चार सेटलमेंट प्लेट, मातीतल्या पाण्याचा दाब मोजायला दोन पिझोमीटर मऊ थरात वेगवेगळ्या खोलीवर, आणि माती बाहेर सरकते का ते पाहायला कडेला दोन इन्क्लिनोमीटर.

एका प्लेटचा रॉड पहिल्याच आठवड्यात डंपरने वाकवला. रॉडभोवती लाल झेंडे होते, तरी. त्यानंतर प्रत्येक रॉडभोवती काँक्रीटचे ड्रम उभे केले. वाकलेल्या प्लेटची वाचनं टाकून दिली, सरळ करून वापरली नाहीत.

८ एप्रिल

चौदा आठवड्यांची वाचनं. मधल्या प्लेटवर ३७० मिलिमीटर. आमच्या हिशेबाने एव्हाना ४२५ व्हायला हवी होती.

आसाओकाची पद्धत लावली. १९७८ पासून वापरात असलेली ही पद्धत सोपी आहे : समान दिवसांच्या अंतराने घेतलेली प्रत्येक बैठक आलेखावर तिच्या आधीच्या बैठकीसमोर मांडायची, या बिंदूंची सरळ रेघ ४५ अंशाच्या रेषेला जिथे छेदेल ती अंतिम बैठक. आमची रेघ ६५० मिलिमीटर सांगते, म्हणजे ५७ टक्के झालं. पण इतक्या लवकर काढलेला आसाओकाचा आकडा सहसा कमी येतो. अंतिम बैठक कमी दिसली की टक्केवारी फुगते, आणि मुरूम लवकर काढायचा मोह होतो. पिझोमीटर तर ५० टक्क्यांच्याही खालीच आहेत. म्हणून प्रयोगशाळेवरून काढलेली ६९० ही अंतिम बैठक कायम धरली. ३७० ला ६९० ने भागलं तर ५४ टक्के. त्यावरून पाणी निघण्याचा खरा वेग आमच्या गृहीतकाच्या ८० टक्के निघतो, आणि एकदम भार धरून काढलेले पावणेसात महिने सव्वाआठ होतात.

चाचणी-पट्ट्याला पैसे लागले. तो केला नसता तर हा दीड महिन्याचा फरक ७,२०० चौरस मीटरवर, मशीन आणि डंपर उभे करून, कळला असता.

१५ एप्रिल : पाऊस आणि वेळापत्रक

मालकांना दिवाळीला फरशी हवी होती. ते जमत नाही, हे आज सांगितलं. कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुरूम चढवणं विसरायचं, खाणीतून डंपर निघतही नाहीत. पण थांबायचंच असेल तर पावसात थांबावं. ड्रेन आणि २.६ मीटरचा पहिला टप्पा मे अखेर पुरा करायचा आणि चार महिने पावसाळा त्यावर जाऊ द्यायचा. ऑक्टोबरमध्ये पुन्हा व्हेन. माती हिशेबाप्रमाणे घट्ट झाली असेल, म्हणजे ताकद १.८ टनांच्या वर असेल, तरच ४ मीटरपर्यंत जायचं. जानेवारीत पुन्हा व्हेन घेऊन ५.४. वरचा मुरूम पुढच्या मे महिन्यात, पावसाआधी उतरवायचा.

मग स्टोन कॉलम जलद आहेत ना, असं मालकांनी विचारलं. योग्य प्रश्न. पण एप्रिलच्या मध्याला सुरुवात करून २,४०० कॉलम जुलैत संपतील, आणि त्यावर मुरूम ऑक्टोबरमध्येच चढेल. त्या मुरमाचेही टप्पे करावे लागतील, मग चार महिने थांबणं. फरशी मार्चच्या आसपास. दोन-अडीच महिने लवकर, त्यासाठी किमान दीड कोटी जास्त. हीच सुरुवात ऑक्टोबरमध्ये झाली असती तर कॉलमचा पर्याय मी जोर लावून मांडला असता.

१८ एप्रिल : नाल्याची बाजू

तीन बाजूंना मोकळी जागा आहे, तिथे भरावाला रुंद पायऱ्या देता येतात. चौथ्या, लांब बाजूला नाला आहे, कडेपासून जेमतेम ६ मीटरवर. तिथे पायरीला जागा नाही. ४ मीटरच्या टप्प्यात घसरण्याविरुद्धचा सुरक्षांक १.३ च्या खाली येतो, तोही पावसाळ्यानंतर वाढलेली ताकद धरून.

या बाजूला स्टोन कॉलम घेतले. चार रांगा, १.८ मीटर अंतर, सुमारे २७० कॉलम, ५३ लाख. इथे त्यांचं काम बैठक कमी करणं नाही, घसरण्याची रेषा खडीतून कापायला लावणं हे आहे. पण त्यामुळे तो पट्टा बाकीपेक्षा कमी बसणार, आणि फरशीला तिथे कल येईल. म्हणून चारही रांगा फरशीच्या बाहेर, भरावाच्या उताराखाली ठेवल्या, आणि फरशीच्या कडेपर्यंत ड्रेन तसेच १ मीटरवर चालू ठेवले.

इथे खडीवर लक्ष ठेवायचं. ९०० मिलिमीटरच्या कॉलमला मीटरमागे ०.६४ घनमीटर खडी लागायला हवी. तीन ते पाच मीटरच्या नरम पट्ट्यात ती वाढेल. थोडी वाढली तर चालेल. दुप्पट झाली तर कॉलम फुगत आहे. आणि हिशेबापेक्षा कमी लागली तर ते जास्त वाईट, मधे कुठेतरी कॉलम तुटला आहे किंवा मातीने बुजला आहे.

२२ एप्रिल

पाइलचा ठेकेदार विचारत होता, "साहेब, आमचं मशीन रिकामं आहे, खांबांचे पाइल आत्ताच उरकून घेऊ का?" नाही. पाइल आधी झाले आणि मग जमीन मीटरभर खाली गेली, तर माती पाइलला धरून खाली ओढेल. तो भार पाइलच्या रचनेत धरलेला नाही. कडेच्या पाइलांना मातीचा आडवा रेटाही बसेल. पाइल मुरूम उतरवल्यावरच. वेळापत्रकात ही ओळ लाल केली आहे, कारण मशीन रिकामं असलं की हीच ओळ कुणीतरी बदलतं.

२९ एप्रिल : प्रस्ताव दिला

आकडे, कायमचा भराव वगळून, कारण तो प्रत्येक पर्यायात थोड्याफार फरकाने लागतोच : ड्रेन ८६ लाख, ग्रिटचा थर ५८ लाख, जादा मुरूम चढवणं-उतरवणं १ कोटी २० लाख, उपकरणं आणि वाचनं १५ लाख, नाल्याकडचे कॉलम ५३ लाख. एकूण ३ कोटी ३२ लाख. उतरवलेला मुरूम शेजारच्या प्लॉटच्या भरावाला जाणार आहे. त्याचे पैसे यात वजा केलेले नाहीत, कारण तो प्लॉट अजून मालकांच्या नावावर झालेला नाही.

मुरूम कधी उतरवायचा यासाठी तारीख लिहिली नाही, अट लिहिली. मधल्या प्लेटवर १.० मीटर, आसाओकावरून ८५ टक्क्यांच्या वर, आणि पिझोमीटरमधला जादा दाब चढवलेल्या भाराच्या पाचव्या हिश्श्याखाली. तिन्ही एकत्र. एक जरी राहिली तरी मुरूम राहील. भराव चढवतानाही अट आहे : कडेचा इन्क्लिनोमीटर दिवसाला ५ मिलिमीटरच्या वर बाहेर सरकला की डंपर थांबवायचे, विचारायला फोन नंतर करायचा.

मालकांनी एकच बदल मागितला, वाचनं आठवड्याऐवजी पंधरवड्याला घेऊन खर्च कमी करावा. पावसाळ्यात ते चालेल, मान्य केलं. मुरूम चढत असताना वाचन रोज, तिथे सूट दिली नाही. ग्रिटची पहिली खेप सोमवारी येते आहे, बादली आणि पाणी गेटवरच ठेवायला सांगितलं आहे.